ऑपरेशननंतरची पोस्ट: आभार पूर्ण, तपशील मोजके

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर आभाराची पोस्ट टाकली की खाली प्रश्न सुरू होतात: कसलं ऑपरेशन, कुठे, किती खर्च आला? कॅप्शनमध्ये अर्धवट माहिती असली की असं होतं. ‘एक छोटीशी सर्जरी’ लिहिलंत की कुतूहल आणखी वाढतं.

1. पहिल्या वाक्यात फक्त सध्याची स्थिती लिहा. आजार, अवयव, तारीख, हॉस्पिटल काहीच नको.
2. आभार मानताना माणसाचं काम लिहा. ‘सर्वांचे आभार’ कोणालाच भिडत नाही. रात्री उशाशी बसणाऱ्याला ‘जागरणं’ हा एक शब्द पुरतो. नर्स, आया, वॉर्डबॉय हमखास राहून जातात.
3. शेवटी फोन आणि भेटीबद्दल स्पष्ट सांगा, म्हणजे फोनचा मारा थांबतो.

नमुना:
“ऑपरेशन नीट झालं, आता घरी विश्रांती घेतोय. रात्री जागलेल्या ताईचे, रोज डबा पोचवणाऱ्या काकूंचे आणि वॉर्डातल्या नर्स, आया, मावशींचे मनापासून आभार. काही दिवस फोन घेणार नाही, मेसेज मात्र वाचतोय.”

तरी कोणी विचारलंच, तर ‘आता बरं आहे, भेटल्यावर बोलू’ एवढंच उत्तर सगळ्यांना द्या. एकाला खुलासा केलात की तो सगळेच वाचतात.

फोटो टाकण्याआधी मोठा करून पाहा. मनगटावरच्या पट्टीवर नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, मागे केसपेपर किंवा औषधाचं पाकीट दिसतं. शब्दांत लपवलेलं तिथे उघड होतं. नर्सचा फोटो असेल तर आधी तिला विचारा.