भाताला युरिया कधी द्यायचा? पानाचा रंग बघून ठरवण्याची रीत

लावणी झाल्यावर इतक्या दिवसांनी एक हप्ता, चवथ जवळ आली की दुसरा, असा युरियाचा हिशेब आमच्या डिचोलीत बहुतेक जण दिवसांवर करतात. पण पावसात भाताला कधी भूक लागेल ते दिवस सांगत नाहीत. एखाद्या वर्षी जमीनच भरपूर नत्र सोडते आणि आपण वरून युरिया ओतत राहतो. दुसऱ्या वर्षी जुलैची झड सगळे धुऊन नेते आणि पीक आपल्या तारखेची वाट बघत पिवळे पडते. पानाच्या रंगाचा तक्ता ही भूक दाखवतो. रीत सोपी आहे, पण तो नीट धरला नाही तर उलटे सांगतो.

तक्ता म्हणजे पट्टीएवढा प्लास्टिकचा तुकडा. त्यावर फिक्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत २, ३, ४ आणि ५ असे चार रंग असतात आणि भाताच्या पानासारख्या शिरा उठवलेल्या असतात. मी पुढे दिलेले आकडे या चार रंगांच्या तक्त्याचे आहेत. तुमच्याकडे सहा रंगांचा असेल तर त्याच्यासोबत मिळालेला आकडा धरा. तक्त्याचे चित्र मोबाइलवर बघून किंवा घरच्या प्रिंटरवर छापून काम करू नका, कारण हिरव्याची छटा तिथेच बदलते.

लावणीनंतर १४ दिवसांनी पहिली नोंद घ्यायची आणि मग फुलोरा येईपर्यंत दर ७ ते १० दिवसांनी. शेतात आडवेतिडवे फिरत, बांधाकडेच्या ओळी सोडून, दहा निरोगी चुडे निवडायचे. प्रत्येक चुडातले सर्वांत वरचे, पूर्ण उलगडलेले पान घ्यायचे. गुंडाळलेली सुरळी नको आणि खालचे जुने पानही नको. पान तोडायचे नाही. त्याचा मधला भाग तक्त्यावर ठेवायचा, आपण उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे आणि पान व तक्ता दोन्ही आपल्या सावलीत आणायचे. रंग ३ आणि ४ च्या मध्ये वाटला तर ३.५ लिहायचे. आपल्याकडे पावसात पान ओले असते, आणि ओले पान जास्त गडद दिसते. म्हणून खिशात सुके फडके ठेवावे आणि पान अलगद पुसून घ्यावे. वेळ सकाळी ८ ते १० ची आणि बघणारा माणूस दरवेळी तोच. माझा ३.५ माझ्या भावाला ४ वाटतो, त्यामुळे आमच्या शेतातल्या सगळ्या नोंदी मीच करतो.

लावणीच्या नेहमीच्या बुटक्या जातींना ४ हा आकडा धरतात. थेट पेरलेल्या आणि सुवासिक भाताला साधारण ३. दहापैकी सहा किंवा अधिक पाने या आकड्याच्या खाली आली तर युरिया द्यायचा, नाहीतर नाही. पावसाळी भाताला एका वेळचा हप्ता हेक्टरी २३ किलो नत्र, म्हणजे ५० किलो युरिया. आपल्या मापात बोलायचे तर हजार चौरस मीटरला ५ किलो.

आता हा रंग नेमके काय दाखवतो? पान हिरवे असते ते हरितद्रव्यामुळे, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. पण पानातले बहुतेक नत्र हरितद्रव्यात नसतेच. ते हरितकणांमधल्या प्रथिनांत असते, म्हणजे उन्हावर हवेतून साखर बनवणाऱ्या यंत्रणेत. नत्र कमी पडले की ही प्रथिने आणि हरितद्रव्य बरोबरच घटतात, म्हणून रंगावरून नत्राचा अंदाज येतो. डोळ्याला दिसते ते नत्र नव्हे, त्याची सावली. या सावलीला दोन मर्यादा आहेत. एका टप्प्यानंतर नत्र वाढले तरी हिरवेपणा फारसा वाढत नाही, त्यामुळे जास्तीचा युरिया तक्त्यावर पुरता दिसत नाही. आणि तक्ता एका पानाची स्थिती सांगतो, सगळ्या पिकाची नाही. फुटवे कमी असलेले विरळ भात गडद दिसू शकते, कारण थोडे नत्र थोड्याच पानांत वाटले गेलेले असते.

माझ्या एका कुणग्याची नोंदवही उघडतो. २००० चौरस मीटर, जया भात, लावणी ४ जुलैला, शेणखत आधी घातलेले. १८ जुलैला दहापैकी तीन पाने ४ च्या खाली होती, युरिया दिला नाही. २५ जुलैला चार होती, तेव्हाही नाही. त्यानंतर पाच दिवस झड लागली आणि १ ऑगस्टला सात पाने ३ किंवा ३.५ वर उतरली. भूक स्पष्ट होती, पण पाणी बांधावरून वाहत होते. त्या दिवशी युरिया टाकला असता तर तो खालच्या कुणग्याला गेला असता. दोन दिवस थांबून पावसाने उघडीप दिली, पाणी बोटभर राहील इतके उतरवले, तोंड बांधले आणि १० किलो युरिया फेकला. पुढच्या दोन नोंदींत पाने ४ वर परत आली. २२ ऑगस्टला पुन्हा सहा पाने खाली गेली, पीक कणीस धरण्याच्या सुमारास होते, तेव्हा दुसरे १० किलो. फुलोऱ्यापर्यंत पुढे गरज लागली नाही. दिवसांवरच्या हिशेबाने मी पहिला हप्ता जुलैतच टाकला असता आणि तो नेमका झडीत गेला असता.

आता फसगत कुठे होते ते सांगतो, कारण एकदा मी स्वतः फसलो. डोंगराच्या पायथ्याच्या एका तुकड्यात तक्ता सारखा ३ दाखवत होता आणि मी दोनदा युरिया दिला. रंग हलला नाही. खाली वाकून बघितले तेव्हा जुन्या पानांच्या टोकांपासून तांबूस ठिपके खाली उतरत होते आणि साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग होता. काठीने हलवला तर तो काचेसारखा तुटत होता, तेलासारखा पुन्हा जुळत नव्हता. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यातले लोह मुळांना त्रास देत होते. तिथे पाणी काढून जमिनीला थोडी हवा देणे, हा उपाय होता.

म्हणून रंग फिका दिसला की नोंद लिहिण्याआधी खालची पाने बघा. नत्र पिकात फिरते. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. कोवळी पाने फिकी आणि जुनी हिरवीच, असे दिसले तर गंधक कमी असण्याची शक्यता मोठी, आणि युरियाने ते भरत नाही. खाजनात खारे पाणी शिरले असेल तर टोके करपून पांढरी पडतात. तिथे आधी खारे पाणी अडवणाऱ्या दाराची, म्हणजे मानशीची फळी बघायची, तक्ता नंतर.

तुमची जात ४ ला बसते की नाही याची खात्री नसेल तर कुणग्याच्या एका कोपऱ्यात पाच बाय पाच मीटरचा चौकोन खुंट्या लावून वेगळा काढा, भोवती छोटी मेर घाला आणि त्याला शिफारशीचे पूर्ण नत्र वेळेवर द्या. त्या चौकोनाचा आकडा आणि बाकी शेताचा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेलात तर एका हंगामात तुमच्या भाताचा खरा आकडा हाती येतो. मात्र याच चौकोनात करपा आणि तपकिरी तुडतुडे आधी दिसू शकतात, म्हणून तिथे चुडांच्या बुंध्याशी दर आठवड्याला बघत राहा.