इंग्रजी फॅक्टशीटमध्ये आधी हे तीन आकडे शोधा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी झाली की कुणी काका पहिल्यांदाच म्युच्युअल फंडाची फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, घेऊन येतात. मी तीनच जागी पेनाने खूण करून देतो.

एक्स्पेन्स रेशो म्हणजे फंड चालवण्याचा वार्षिक खर्च. 1.8 टक्के असेल तर लाखाला साधारण 1,800 रुपये. त्याचं बिल येत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, तो वळता होतो. म्हणून छापलेल्या परताव्यातून तो पुन्हा वजा करू नका.

बेंचमार्क हा तुलनेचा निर्देशांक. फंडाने 14 टक्के दिले आणि बेंचमार्कने 15, तर फंड मागे पडला.

ड्रॉडाउन म्हणजे शिखरापासून तळापर्यंतची घसरण, आणि माझ्या मते सगळ्यात नीट समजून घ्यावी ती हीच. जानेवारी ते मार्च 2020 मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी 50 सुमारे 38 टक्के पडला, म्हणजे लाखाचे 62 हजार. तिथून पुन्हा लाख व्हायला 61 टक्के वाढ लागते. ड्रॉडाउनचा आकडा बऱ्याच फॅक्टशीटमध्ये नसतो. मग एनएव्हीच्या आलेखात मार्च 2020 चा खड्डा बघा. दोन वर्षांत लग्नाला लागणारे पैसे असतील, तर ते अशा फंडात घालूच नका.