जाळं तुटण्याची शक्यता काढताना या चुका टाळा

फोंड्याला माझ्या शिकवणीला येणारी मुलं दरवर्षी हे गणित त्याच ठरावीक ठिकाणी चुकतात. म्हणून मी फळ्यावर कायम एकच चित्र काढतो. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव असे चार बिंदू. पणजी तिघांनाही जोडलेली, फोंडाही तिघांना जोडलेला, आणि म्हापसा-मडगाव अशी थेट जोडणी नाही. एकूण पाच कडा. प्रत्येक कड शाबूत असण्याची शक्यता p = ०.९, तुटण्याची q = ०.१, आणि एकीच्या तुटण्याचा दुसरीशी संबंध नाही. बिंदू कधी बंद पडत नाहीत. चारही गावं एकमेकांशी जोडलेली राहण्याची शक्यता किती?

पद्धत एका ओळीची आहे. जाळ्याला G म्हणा, आणि ते सगळं जोडलेलं राहण्याच्या शक्यतेला R(G). एक कड e निवडा आणि तिचं काय झालं ते कळलंय असं धरा:

```
R(G) = p·R(G/e) + q·R(G−e)
```

शाबूत असेल तर तिची दोन टोकं एकच बिंदू होतात, ते G/e. तुटली असेल तर ती पुसून टाका, ते G−e. मी मधली पणजी-फोंडा कड घेतो. ती शाबूत धरली की म्हापशाहून पणजी-फोंडा या जोडबिंदूकडे दोन कडा जातात, मडगावहूनही दोन. म्हापसा सुटायला दोन्ही तुटाव्या लागतील, म्हणजे ०.०१. तेव्हा R(G/e) = ०.९९ × ०.९९ = ०.९८०१. ती पुसली की चार कडांचं कडं उरतं. त्यात जास्तीत जास्त एक तुटलेली चालते: p⁴ + 4p³q = ०.६५६१ + ०.२९१६ = ०.९४७७. आता ०.९ × ०.९८०१ + ०.१ × ०.९४७७ = ०.९७६८६. एवढंच गणित आहे, आणि तरीही ते चुकतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे वाटा मोजणं. प्रश्न थोडा बदलून विचारतो: फक्त म्हापसा आणि मडगाव यांचा संपर्क टिकेल का? लगेच कोणीतरी म्हणतं, "सर, चार वाटा आहेत. चारही एकदम कशा बंद पडतील?" आणि वहीत उत्तर तयार असतं. दोन वाटा दोन कडांच्या, दोन वाटा तीन कडांच्या, म्हणून 1 − (०.१९)² × (०.२७१)² = ०.९९७३. दिसायला सुंदर, पण साफ चूक. वाटा चार असल्या तरी म्हापशाहून बाहेर पडायला दोनच कडा आहेत. त्या दोन्ही तुटल्या की चारही वाटा एकाच वेळी मेल्या, आणि तसं होण्याची शक्यता ०.०१ आहे. म्हणजे उत्तर ०.९९ च्या वर जाऊच शकत नाही. एका नजरेत कळायला हवं.

हे मी इतक्या तळमळीने सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने चार कार्यालयं जोडण्याचा आराखडा मला बघायला दिला होता. आकार नेमका हाच. त्यात हाच ०.९९७ आकडा ठळक छापलेला, आणि त्याच्या भरवशावर टोकाच्या कार्यालयाला तिसरी जोडणी द्यायची नाही असं आधीच ठरून गेलेलं. मी कागदाच्या समासात ०.०१ लिहून परत दिला. कोणी बदललं नाही. जुलैत त्या कार्यालयाच्या दोन्ही तारा एकाच दिवशी गेल्या आणि तिथली माणसं दीड दिवस फोनवरून आकडे सांगत बसली. खरं उत्तर ०.९७८४८ होतं. तुटण्याची शक्यता त्यांनी धरली होती त्याच्या आठपट.

म्हणून माझी सवय अशी की हिशेबाला हात लावण्याआधी प्रत्येक बिंदूच्या कडा मोजायच्या. ज्यांचा संपर्क टिकायला हवा त्यांतला सगळ्यात कमी कडांचा बिंदू उत्तरावर छत घालतो. ते समासात लिहून ठेवायचं.

दुसरी आवडती चूक G/e काढताना होते. टोकं एकत्र केल्यावर म्हापशाच्या दोन कडा एकमेकींवर येतात, आणि घाईत असलेला मुलगा तिथे एकच रेघ ओढतो. "एकाच ठिकाणी तर जातात दोन्ही!" जातात, पण त्या दोन वेगळ्या तारा आहेत आणि एक तुटली तरी दुसरी उरते. दोन्ही काढा, किंवा एकच काढून तिच्यावर ०.९९ लिहा. नुसती एक ठेवली तर R(G/e) = ०.८१ येतो आणि शेवटचं उत्तर ०.८२३७७. इथेही चूक स्वतःच ओरडत असते. कड शाबूत असताना ०.८१ आणि तीच तुटल्यावर ०.९४७७? तार चालू आहे हे कळल्यावर जाळं कमकुवत कसं होईल? R(G/e) नेहमी R(G−e) एवढा किंवा त्याहून मोठाच असतो. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहितो, म्हणजे उलटे झाले तर लगेच दिसतात.

आणखी एक पडताळा मला फार आवडतो: p च्या जागी १/२ घाला. आपलं सूत्र (९/१६ + ५/१६)/२ = १४/३२ देतं. पाच कडांच्या ३२ अवस्थांपैकी १४ जोडलेल्या असायला हव्यात. मोजा: एकही तुटली नाही ती १, एक तुटलेल्या ५, दोन तुटूनही जोडलेल्या ८. जुळलं. एक रेघ ओढणाऱ्याला इथे ९ मिळतात.

दोन प्रश्नांची सरमिसळ करू नका. 'सगळे जोडलेले' आणि 'हे दोघं जोडलेले' यांत पणजी-फोंडा शाबूत असताना आकडा सारखाच, ०.९८०१. म्हणून मुलं गाफील राहतात. ती पुसल्यावर दोघांसाठी 1 − (०.१९)² = ०.९६३९, सगळ्यांसाठी ०.९४७७. फरक ०.०१६२, म्हणजे 2p²q²: एक बाजू पूर्ण शाबूत आणि दुसरीच्या दोन्ही कडा गेलेल्या. म्हापसा-मडगाव बोलतायत, पण पणजी किंवा फोंडा एकटा पडलाय.

कोणतीही कड निवडली तरी उत्तर तेच येतं, पण मधली सोडून बाजूची घेणं म्हणजे स्वतःहून काम वाढवणं.

शेवटची गोष्ट स्वतंत्रपणाची. समजा पणजीहून फोंड्याला आणि मडगावला जाणाऱ्या तारा एकाच चरात टाकल्यात आणि खोदणाऱ्या यंत्राने तोडल्या तर दोन्ही तुटतात. प्रत्येकीची शक्यता ०.९ च आहे, पण दोघींचं नशीब एक. तेव्हा कडेऐवजी चरावरच अट घाला. चर शाबूत: पणजी, फोंडा, मडगाव एक झाले, फोंडा-मडगाव कडेची दोन्ही टोकं एकाच बिंदूत आली, ती सोडून द्या. उरल्या म्हापशाच्या दोन, ०.९९. चर तुटला: पणजी-म्हापसा-फोंडा-मडगाव ही एकच साखळी, ०.७२९. एकूण ०.८९१ + ०.०७२९ = ०.९६३९. (वरच्या ०.९६३९ शी हा जुळला तो योगायोग नाही, दोन्हींचं सूत्र 2p² − p⁴ असंच सुटतं, p = ०.८ घेतलात तरी दोन्ही ०.८७०४ येतील.) तुटण्याची शक्यता २.३ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर गेली, आणि पाच कडांचं चित्र मात्र फळ्यावर जसंच्या तसं आहे.