क्रम जिथे मोडलेला दिसतो, चूक तिथेच असते असं नाही: या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरी-टॉवेलचा एखादा कारखाना घ्या. एप्रिल-मे 2025 चं डिस्पॅच रजिस्टर, रोज एक नोंद. A1 मध्ये मथळा, A2 ते A62 तारखा. तारखा चढत्या क्रमाने आहेत का आणि नसतील तर पहिली कुठली ओळ क्रम मोडते, हे एक्सेलमध्ये असं विचारायचं:

```
=IFERROR(MATCH(TRUE,INDEX(A3:A62<A2:A61,0),0)+2,"क्रम बरोबर")
```

प्रत्येक ओळ तिच्या वरच्या ओळीशी ताडली जाते. MATCH मोजायला A3 पासून सुरुवात करतं, म्हणून शीटवरची खरी ओळ मिळवायला +2. हे विसरलं की बोट दोन ओळी वर जातं. एका दिवशी दोन गाड्या गेल्या तर तारीख दोनदा येणारच, तेव्हा `<` च्या जागी `<=` घालू नका. आणि रेंज शेवटच्या नोंदीवरच थांबवा. रिकामा सेल एक्सेल शून्य धरतं, त्यामुळे यादी संपताच पहिला रिकामा सेल पकडला जातो.

आता खरी फसगत. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेली CSV फाइल विंडोजचं रीजन अमेरिकन असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली आणि सूत्राचं उत्तर आलं 32. ओळ 32 वर 1 मे आहे. 30 एप्रिलनंतर 1 मे, यात चुकलं काय?

त्या ओळीत वेगळं काहीच नाही, बिघाड वरपासूनच आहे. 01-04-2025 एक्सेलने 4 जानेवारी म्हणून वाचली, 02-04 ही 4 फेब्रुवारी, असं करत 12-04 झाली 4 डिसेंबर. सगळ्या चुकीच्या, पण चढत्याच! तेरावा महिना नसल्यामुळे 13-04 पासून 30-04 पर्यंतच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहिल्या. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच ठरतो, म्हणून तिथेही सूत्र गप्प. मग 01-05 पुन्हा तारीख झाली, 5 जानेवारी. तारीख म्हणजे आतून आकडाच, तो वरच्या मजकुरापेक्षा लहान, आणि ठपका आला 1 मे वर.

म्हणून क्रम तपासण्याआधी हे दोन आकडे बघा:

```
=COUNT(A2:A62)
=COUNTA(A2:A62)
```

COUNT फक्त आकडे आणि तारखा मोजतं, COUNTA भरलेले सगळे सेल. इथे 24 आणि 61 येतील, कारण दोन्ही महिन्यांच्या पहिल्या बारा-बारा तारखाच तारखा झाल्या. अलाइनमेंट कोणी बदललं नसेल तर नजरेलाही कळतं: तारखा उजवीकडे, मजकूर डावीकडे. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचीच यादी असेल तर मात्र दोन्ही आकडे जुळतात, तेव्हा फॉरमॅट बदलून महिना अक्षरात वाचा.

उलटलेल्या तारखा एकेक सुधारत बसू नका. फाइल सेव्ह न करता बंद करा, कंट्रोल पॅनलमधल्या Region मध्ये English (India) निवडा, मूळ CSV पुन्हा उघडा आणि मगच वरचं सूत्र लावा. तरीही एखादी ओळ पकडली गेली, तर ती आणि तिच्या वरची अशा दोन्ही नोंदी चलनाशी ताडा. 14 मेच्या जागी 24 मे टाइप झाली असेल, तर पकडली जाते खालची 15 मे.