भागीदारांचा वाद बैठकीत मिटवायचा तर कागद आधी, मागणी नंतर

भागीदारीतला वाद बहुतेक वेळा पैशावरून सुरू होतो आणि दोन-तीन महिन्यांत माणसावर येऊन ठेपतो. 'तू मला फसवलंस' हा शब्द एकदा निघाला की हिशेब कुणीच बघत नाही. म्हणून बोलणी सुरू करायची ती हिशेबापासूनच.

एक उदाहरण धरून चालू. दोघांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, नफा निम्मा-निम्मा. एक जण दिवसभर शेडवर उभा असतो. दुसऱ्याने ठरलेल्या भांडवलावर आणखी ६ लाख रुपये दोन वर्षांपूर्वी घातले. शेडवरच्याने १८ महिने दरमहा २५,००० उचलले, म्हणजे ४,५०,०००. तो त्याला पगार म्हणतो, दुसरा उचल म्हणतो. भागीदारीपत्रात ना पगाराचा उल्लेख आहे, ना व्याजाचा.

बैठकीआधी दोघांनी वेगवेगळं बसून एकेक पान लिहावं. त्यात फक्त तारखा, रकमा आणि कोणत्या कागदावर ते दिसतं एवढंच. विशेषणं नकोत, हेतूही नकोत. बँकेचं स्टेटमेंट, वह्या आणि सह्या केलेले ताळेबंद दोघांनाही मिळाले पाहिजेत. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक भागीदाराला आहे, त्यामुळे त्या लपवणाऱ्याशी पुढची चर्चा करून उपयोग नाही.

पहिली बैठक दीड-दोन तासांची, दुकानाबाहेर ठेवा. त्यात मागणी मांडायची नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून कुठे जुळतं आणि कुठे नाही एवढंच बघायचं. आपल्या उदाहरणात इथेच वाद आक्रसतो. गेल्या वर्षीच्या ताळेबंदात १२ महिन्यांचे ३ लाख 'पगार' म्हणून दाखवलेत आणि त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. भागीदारांमधला करार वागण्यातूनही ठरू शकतो, त्यामुळे त्या ३ लाखांवर भांडायला फारसं काही उरत नाही. उरले सहा महिन्यांचे १,५०,०००. उठण्याआधी जुळलेल्या मुद्द्यांची टिपणी लिहून दोघांनी सही करावी. 'उद्या टाइप करून पाठवतो' म्हटलं की रात्रीत शब्द बदलतात.

तोडग्याचे प्रस्ताव मात्र वेगळ्या कागदावर लिहा आणि वर नोंदवा: 'फक्त तडजोडीच्या चर्चेसाठी, पुरावा म्हणून वापरायचा नाही, हे दोघांनाही मान्य.' खाली दोघांची सही हवी. ही काळजी घेतली नाही तर 'मी ५०,००० सोडायला तयार आहे' हे वाक्य पुढे कोर्टात आपल्याच अंगावर येऊ शकतं, आणि त्या भीतीने कुणीच मोकळं बोलत नाही.

दोन बैठकांत सुटलं नाही तर तिसरा माणूस आणा. फर्मचा नेहमीचा सीए नको, कारण त्याच्याच नोंदींवर वाद आहे. मेहुणा तर नकोच. दोघांनीही नाव मान्य केलेलं, फी निम्मी-निम्मी. तो मध्यस्थ आहे की लवाद हे आधी लिहून घ्या: मध्यस्थ तोडगा निघायला मदत करतो, लवाद निर्णय देतो आणि तो निर्णय दोघांवर बंधनकारक असतो. भागीदारीपत्रात लवादाचं कलम आहे का तेही पाहा. मध्यस्थाने दोघांना वेगवेगळं भेटावं आणि परवानगीशिवाय एकाचं दुसऱ्याला सांगू नये.

चांगला मध्यस्थ इथे काय करतो? १९३२ चा भागीदारी कायदा पुढे ठेवतो. करार नसेल तर भागीदाराला पगार मिळत नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जादा घातलेल्या पैशावर मात्र वर्षाला ६ टक्के व्याज मिळतं. दोन वर्षांचं व्याज ७२,०००. मग तो दाखवतो की पगार काय किंवा व्याज काय, फर्मच्याच खर्चात पडतं, म्हणजे त्याचा निम्मा भार घेणाऱ्यावरही येतो. उरलेल्या दीड लाखातले ७५,००० पगार धरले आणि ७५,००० शेडवरच्याच्या नफ्यातून वळते केले, तर दुसऱ्यावर पगाराचा भार ३७,५०० येतो. व्याजापोटी शेडवरच्यावर ३६,०००. फरक राहिला १,५०० रुपयांचा. हा आकडा दोघांनी एकाच कागदावर पाहिला की आवाज खाली येतो.

एका परिस्थितीत हे सगळं थांबवा: खोटी सही, ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात, माल परस्पर गायब. तिथे आधी वकील गाठा, आणि बँकेला लेखी पत्र देऊन व्यवहार दोघांच्या सहीनेच व्हावेत अशी मागणी करा.

तोडगा निघाला तर पूरक भागीदारीपत्र करा. पुढचा पगार किती, जादा पैशावर व्याज किती, ६ लाख कोणत्या तारखांना परत आणि हप्ता चुकला तर काय, हे सगळं त्यात हवं. नव्या महिन्याची पहिली उचल वहीत त्याच नावाने पडली आहे ना, हे दोघांनी एकत्र बसून तपासावं.