बेटमन समीकरणं: तीन केंद्रकांच्या साखळीत या चुका टाळा

एमएस्सीच्या वह्या तपासताना दरवर्षी त्याच दोन चुका सापडतात. उदाहरण रेडॉनच्या अपत्यांचं घेऊ: पोलोनियम-२१८ (अर्धायुष्य ३.१० मिनिटं), त्यातून शिसे-२१४ (२६.८ मिनिटं), त्यातून बिस्मथ-२१४ (१९.९ मिनिटं). अशा साखळीत कुठल्या क्षणी कशाचे किती अणू असतात, याचं उत्तर बेटमनने १९१० मध्ये दिलं, तेव्हा या तिघांना रेडियम ए, बी आणि सी म्हणत. सुरुवातीला फक्त पोलोनियमचे १० लाख अणू आहेत.

```
dN1/dt = -λ1 N1
dN2/dt = λ1 N1 - λ2 N2
dN3/dt = λ2 N2 - λ3 N3
```

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, `N1 = N0 e^(-λ1 t)`. ते दुसऱ्यात घालून `e^(λ2 t)` ने गुणलं की

```
N2 = N0 λ1/(λ2-λ1) · [e^(-λ1 t) - e^(-λ2 t)]
```

इथपर्यंत सगळे येतात. मग N2 तिसऱ्यात घालायचं, `e^(λ3 t)` ने गुणायचं आणि संकलन करायचं. पहिली चूक इथे होते. "N3(0) = 0, म्हणून संकलनाचा स्थिरांकही शून्य" असं लिहून मंडळी मोकळी होतात. सुरुवातीला शून्य असतं ते N3, स्थिरांक नव्हे. उजवीकडे `e^(-λ1 t)` आणि `e^(-λ2 t)` ची पदं आधीच बसलेली आहेत, आणि t = 0 ला त्यांची बेरीज शून्य होत नाही. ती खोडायला स्थिरांक लागतो, आणि `e^(-λ3 t)` चं पद जन्मतं ते त्यातूनच.

```
N3/N0 = C1 e^(-λ1 t) + C2 e^(-λ2 t) + C3 e^(-λ3 t)

C1 = λ1λ2 / [(λ2-λ1)(λ3-λ1)]
C2 = λ1λ2 / [(λ1-λ2)(λ3-λ2)]
C3 = -(C1 + C2)
```

छेदात प्रत्येक वेळी "दुसऱ्याचा लॅम्डा वजा स्वतःचा". सूत्र पाठ करणाऱ्यांची चिन्हं इथेच उलटी पडतात.

आता आकडे. ०.६९३१४७ ला अर्धायुष्याने भागून λ1 = ०.२२३५९६, λ2 = ०.०२५८६३७, λ3 = ०.०३४८३१५, सगळे दर मिनिटाला. त्यावरून C1 = ०.१५४९३७, C2 = ३.२६१३१, C3 = −३.४१६२४७. तिसरं पद विसरलात, तर t = 0 ला बिस्मथचे ३४ लाख अणू मिळतात, तेही एकूण १० लाखांतून! तरी लोक उत्तराखाली दोन रेघा मारतात.

दुसरी चूक घाईची. एका प्रात्यक्षिकात एका मुलाने एका मिनिटानंतरचे बिस्मथचे अणू काढले: उणे ४,४८०. मी विचारलं, "उणे अणू कुठे ठेवलेस?" तो म्हणाला, "सर, कॅल्क्युलेटर तेच दाखवतोय." सूत्र बरोबर होतं, चिन्हंही. त्याने सगळं तीनच अंकांत उतरवून घेतलं होतं:

```
0.155×0.800 + 3.26×0.974 - 3.42×0.966 = -0.00448
```

मोठ्या दोन आकड्यांची वजाबाकी होऊन उरणारं उत्तर हजारांश भागातलं, आणि पूर्णांकनाची चूकही तेवढीच. त्याचे तिन्ही गुणांक मिळवा, −०.००५ येतं, शून्य यायला हवं होतं. सहा अंक ठेवले की

```
0.123894 + 3.178042 - 3.299302 = 0.002634
```

म्हणजे सुमारे २,६३० अणू. λ2 आणि λ3 जितके जवळ, तितका हा त्रास जास्त. दोन्ही सारखेच असले तर छेदच शून्य होतो, आणि मग संकलन नव्याने करावं लागतं.

माझी सवय अशी: C3 वेगळा काढतच नाही, वर लिहिल्याप्रमाणे बेरजेवरून घेतो. आणि छोट्या t साठी आधी `N0 λ1 λ2 t²/2` कागदाच्या कोपऱ्यात मांडतो. इथे ते २,८९० येतं. ऱ्हासाने होणारी घट त्यात धरलेली नसते, म्हणून खरं उत्तर त्याहून थोडं कमी हवं, आणि ते आहे. कॅल्क्युलेटरच्या मेमरीत आकडे ठेवायला शिका. कागदावर उतरवून पुन्हा टंकणं म्हणजे दर पायरीला अंक सांडणं.

बाकीच्या किरकोळ. N3 च्या अंशात λ3 घालू नका. तो घातला की मिळते ती क्रियाशीलता, अणूंची संख्या नव्हे. एक अर्धायुष्य मिनिटांत आणि दुसरं सेकंदांत, हे तर नकोच.

आणि "समतोल आला असं धरून" λ1N1 = λ2N2 लिहू नका. इथे जनक अपत्याआधीच संपतो. ३० मिनिटांनी पोलोनियमचे जेमतेम १,२२० अणू उरतात, शिशाचे मात्र ५ लाख १९ हजार आणि बिस्मथचे जवळपास ३ लाख. तिन्हींची बेरीज ८ लाख २० हजार. उरलेले १ लाख ८० हजार बिस्मथच्याही पुढे गेलेले असतात. ही बेरीज कधी १० लाखांच्या वर गेली, तर आधी C3 चं चिन्ह पाहा.