कीमॅन विमा: आकडा लिहिण्याआधीची तयारी

कीमॅन विमा म्हणजे कंपनीने आपल्या महत्त्वाच्या माणसाच्या आयुष्यावर काढलेला विमा, ज्याची रक्कम कंपनीला मिळते. त्याचा प्रपोजल फॉर्म उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि वर लिहा, 'हा माणूस उद्या नसेल तर कंपनीचे किती पैसे बुडतील आणि किती महिने?' आम्ही हे केले नव्हते. इंदूरमध्ये सोयाबीनची आर्द्रता मोजणारी यंत्रे बनवतो. तांत्रिक सहसंस्थापकासाठी आम्ही थेट 3 कोटी लिहिले आणि अंडररायटरने, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तपासून प्रस्ताव मंजूर करणाऱ्याने, एकाच प्रश्नासह फाइल परत पाठवली: 3 कोटीच का?

सर्वांत आधी पगार तपासा. बऱ्याच विमा कंपन्या वार्षिक पगाराच्या साधारण 10 पटीपर्यंतच रक्कम मान्य करतात, आणि पगार म्हणजे फॉर्म 16 मध्ये दिसतो तो. आम्ही 24 लाख लिहिले होते, कारण करारात तेवढे होते. प्रत्यक्षात तो 15 लाखच उचलत होता. त्यामुळे मर्यादा दीड कोटीवर आली. करार, फॉर्म 16 आणि बँकेतली नोंद शेजारी ठेवून जुळवा. जुळत नसेल तर कारण आपणच आधी लिहून द्या.

दुसरी मर्यादा नफ्याची. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 5 पट किंवा ढोबळ नफ्याच्या 3 पट, असे माप सर्रास लावतात. तोट्यातल्या कंपनीला पहिले माप शून्यावर आणते, आमचेही आले. म्हणून ढोबळ नफ्याचे आकडे लेखापरीक्षित ताळेबंदातून काढा: आमचे 30, 62 आणि 96 लाख, सरासरी सुमारे 63, म्हणजे 3 पट साधारण 1 कोटी 88 लाख. ढोबळ नफा कसा धरायचा हे त्या विमा कंपनीला विचारून घ्या, प्रत्येकीची व्याख्या सारखी नसते.

या झाल्या मर्यादा. रक्कम मात्र नुकसानीतून सिद्ध करावी लागते, आणि खरे श्रम इथेच लागतात. आमच्या यंत्राचे कॅलिब्रेशन तोच करतो: छावणीच्या धान्यमंडीतून आणलेले नमुने ओव्हनमध्ये सुकवून, वजनातला फरक वहीत लिहून. नवीन यंत्र त्या वहीशिवाय विकताच येत नाही. सध्या महिन्याला 8 लाख ढोबळ नफा होतो, त्यातला 5.6 लाख नवीन यंत्रांचा. देखभालीचे करार त्याच्याशिवायही चालतात, म्हणून ते मोजले नाहीत. नवा माणूस शोधायला आणि त्याचा नोटिस पिरियड संपायला 6 महिने, तयार व्हायला आणखी 6. पहिल्या सहामाहीत पूर्ण नुकसान, 33.6 लाख, दुसरीत निम्मे, 16.8. एकूण 50.4 लाख. माणूस मिळण्याची सहा महिन्यांची मुदत कुठून आली, हे अंडररायटर विचारतोच. आम्ही मागच्या दोन तांत्रिक भरतींच्या जाहिरातीची आणि रुजू होण्याची तारीख जोडली.

मग कर्ज. बँकेचे 42 लाख शिल्लक आहेत आणि तो जामीनदार आहे. आम्ही पूर्ण 42 धरले होते, ती चूक होती: वर्षभराचे 12 लाख मुद्दल त्याच ढोबळ नफ्यातून फिटणार असल्याने ते दोनदा मोजले जात होते. उरले 30 लाख. आपल्या तक्त्यात असा दुहेरी हिशेब आहे का, हे स्वतःच शोधा. अंडररायटरने शोधला तर बाकी आकड्यांवरचाही विश्वास जातो.

पुढे बदलीचा खर्च. तसा माणूस बाजारात 30 लाखांना मिळतो, आपला 15 घेतो. फरक 15 लाख आणि भरतीचे 5. त्याचा पगार वाचणार असल्याने पूर्ण 30 धरू नका. बेरीज 1 कोटी 40 हजार झाली, आम्ही 1 कोटी मागितले आणि दोन्ही मर्यादांच्या आत राहिलो.

उरलेले कागद लवकर होतात: बोर्डाचा ठराव, कंपनीची घटनापत्रे, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि शेअरधारकांची यादी. या व्यक्तीकडे 51 टक्के किंवा अधिक शेअर असतील तर अनेक विमा कंपन्या कीमॅन विमा देत नाहीत. आमच्या सहसंस्थापकाकडे 22 आहेत. योजना टर्मचीच असते, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम मिळते. कंपनीच्या वतीने सही दुसऱ्या संचालकाची घ्या. दाव्याची रक्कम कंपनीचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरते, हे सीएला आधी सांगा.

शेवटी आरोग्याचे रकाने त्याच्यासोबत बसून भरा, जुने रिपोर्ट समोर ठेवून. आम्ही ते घाईत भरले तेव्हा त्याच्या साखरेच्या औषधाचा उल्लेख राहिला होता. सही करण्याआधी वाचताना त्याच्याच लक्षात आला. पॉलिसीच्या पहिल्या 3 वर्षांत अशी लपलेली माहिती निघाली तर विमा कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते, आणि तेव्हा उत्तर द्यायला तो नसेल.